सूचना : सीसीटीव्ही सुरू होण्यापूर्वीची तयारी

सर्व सभासद आणि भाडेकरूंसाठी : येत्या रविवारी आठ कॅमेरे चालू होतील. गेटवर दोन, पार्किंगमध्ये तीन, दोन्ही विंगच्या तळमजल्याच्या लॉबीत एकेक आणि पंपरूमजवळ एक. मजल्यांवर, लिफ्टमध्ये आणि गच्चीवर एकही नाही. गच्चीवर कपडे वाळत असतात, मुलं खेळतात. तिथे कॅमेरा हवा अशी मागणी आली होती, ती समितीने नाकारली. आवाजाचं रेकॉर्डिंग बंदच राहील.

शनिवारी संध्याकाळी, दिवे लागल्यावर, चाचणी आहे. तळमजल्यावरच्या सर्वांनी तेव्हा आपला दरवाजा सताड उघडा ठेवून ऑफिसमधल्या पडद्यावर स्वतः बघून जावं. बी विंगमध्ये लॉबीचा कॅमेरा नेमका एका फ्लॅटच्या दारासमोर येतो. तिथे कॅमेऱ्यातच त्या भागावर काळा पट्टा टाकणार आहोत, म्हणजे घराच्या आतलं काही रेकॉर्डच होणार नाही. पण हा पट्टा चित्रावरच्या जागेला चिकटलेला असतो, दाराला नाही. शिडी किंवा सामान लागून कॅमेरा जरा फिरला, की दार उघडं पडतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन समिती सदस्य पट्टा जागेवर आहे का ते तपासतील. मधल्या काळात कॅमेरा वाकडा दिसला तर लगेच सांगा.

कॅमेऱ्याखाली चपलांचे स्टँड आणि उंच कुंड्या ठेवल्या असतील तर शनिवारपर्यंत हलवा. रात्री कॅमेऱ्याचा अदृश्य प्रकाश जवळच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि चित्र पांढरं फटक होऊन मागचं काही दिसत नाही. कोळ्याचं जाळंही हेच करतं, ते सफाई कामगार काढतील. घरकाम करणाऱ्या मावशींना आणि ड्रायव्हरना कॅमेरे कुठे आहेत हे आपणच सांगावं. पाट्या लावतोय, पण सगळे त्या वाचत नाहीत.

चार टीबीच्या हार्ड डिस्कवर साधारण तीन आठवड्यांचं रेकॉर्डिंग मावतं, मग जुनं आपोआप पुसलं जातं. तेव्हा गाडीला ओरखडा दिसला तर आठवडाभरात तारीख आणि अंदाजे वेळ लिहून अर्ज द्या. रेकॉर्डिंग सचिव आणि आणखी एक समिती सदस्य मिळून बघतील, रजिस्टरमध्ये नोंद होईल. वॉचमनच्या केबिनमध्ये फक्त चालू चित्र दिसेल, मागचं काढता येणार नाही. क्लिप पोलिसांच्या लेखी मागणीवरच दिली जाईल. पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं चालणार नाही, मग तो चोराचा का असेना. कोणाची सून किती वाजता आली हे बघायला ही व्यवस्था नाही, आणि असे अर्ज घेतले जाणार नाहीत.

ज्यांनी स्वतःच्या दारावर कॅमेरा लावलाय, त्यांनीही समोरच्यांच्या घरात तो डोकावत नाही ना, हे शनिवारीच त्यांना दाखवून द्यावं.

– सचिव