परासरण हा शब्द ठेवायचा, बाकीचं वाक्य आपलं

आठवीच्या चाचणीत परासरणाची व्याख्या दोन गुणांना आली होती. पुस्तकातलं वाक्य काही केल्या पाठ होईना, म्हणून मी माझ्या शब्दांत लिहिलं: ‘मीठ पाणी ओढून घेतं, त्याला परासरण म्हणतात.’ घरी उन्हाळ्यात कैरीच्या फोडींना मीठ लावलं की तासाभरात ताटात पाणी जमायचं. ‘पाणी सुटला बघ,’ असं आई म्हणायची. त्यामुळे माझं वाक्य बरोबरच आहे, याबद्दल मला शंका नव्हती. गुण मिळाला नाही. विचारायला गेले तर सरांनी उलट मलाच विचारलं, ‘पावसाळ्यात तुमच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? मग तेही परासरणच का?’

बरणीतलं मीठ हवेतला दमटपणा शोषून घेतं. तिथे मध्ये कसलंही पटल नसतं. माझ्या वाक्यात मात्र बरणीही बसत होती आणि कैरीही.

आता मी मालवणात आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते आणि उजळणीला हीच व्याख्या आधी घेते. ती साधारण अशी: निवडक्षम पारपटलातून पाण्याचं, जास्त पाणी असलेल्या भागाकडून कमी पाणी असलेल्या भागाकडे होणारं वहन म्हणजे परासरण. यातला कुठला शब्द काढला तर अर्थ बिघडतो, ते आम्ही एकेक शब्द बोटाने झाकून बघतो. ‘वहन’ झाकलं आणि ‘जाणं’ म्हटलं, तरी काही बिघडत नाही. ‘निवडक्षम पारपटल’ झाकलं की उरलेलं वाक्य नुसत्या विसरणासारखं, म्हणजे कुठलाही पदार्थ जास्तीकडून कमीकडे पसरण्यासारखं होतं. त्याच्या जागी ‘पातळ पडदा’ लिहूनही भागत नाही. पाणी जाऊ द्यायचं पण मीठ अडवायचं, ही निवड ‘पडदा’ या शब्दात येत नाही. ‘पाणी’ झाकलं तर काय सरकतं हेच कळत नाही. म्हणून ‘परासरण’, ‘निवडक्षम पारपटल’ आणि ‘पाणी’ हे शब्द जसेच्या तसे ठेवायचे.

खरा घोळ होतो तो दिशेत. हुशार मुलंही लिहितात, ‘जास्त संहतीकडून कमी संहतीकडे.’ पण संहती म्हणजे प्रमाण, आणि ते कशाचं? मिठाचं म्हणायचं असेल तर दिशा नेमकी उलटी झाली, कारण पाणी जास्त मीठ असलेल्या बाजूकडे जातं. शिवाय ‘जास्त पाणी’ म्हणजे मोठं भांडं असंही काहींना वाटतं. इथे पाण्याचं प्रमाण बघायचं, आकारमान नाही. समुद्रात पाणी कितीही असलं, तरी त्यात मीठ विरघळलेलं असल्यामुळे पाण्याचं प्रमाण गोड्या पाण्यापेक्षा कमीच.

एवढं झालं की पुस्तक मिटायचं, कैरी डोळ्यांसमोर आणायची आणि तोंडाने बोलून मग लिहायचं. माझ्या एका विद्यार्थिनीचं पहिलं वाक्य होतं, ‘पेशीतलं पाणी मिठाकडे जातं ते परासरण.’ यात पटल नाही, आणि पाणी फक्त बाहेरच जातं असं वाटतं. सुकं बेदाणं पाण्यात टाकलं की फुगतं, तिथे पाणी आत जातं. ते या वाक्यात बसेना. तिने पुन्हा लिहिलं: ‘निवडक्षम पारपटलाच्या ज्या बाजूला पाण्याचं प्रमाण जास्त, तिथून ते कमी असलेल्या बाजूला पाणी पटलातून जातं, या क्रियेला परासरण म्हणतात.’ यात कैरी बसते, बेदाणं बसतं आणि मिठाची बरणी बाहेर राहते. मी पूर्ण गुण देते ते अशा वाक्याला.

कैरीचं उदाहरण लिहिताना एक जपायचं. ते पहिल्या तासाचंच लिहायचं. चार दिवसांनी फोड आतपर्यंत खारट लागते, म्हणजे मीठही आत गेलेलं असतं. तोवर पेशी मेलेल्या असतात आणि त्यांच्या पटलाची निवड करण्याची क्षमता संपलेली असते. मुरलेलं लोणचं परासरणाचं उदाहरण म्हणून दिलं, तर ‘निवडक्षम’ हा आपलाच शब्द आपल्याला अडवतो.

मग मी पुस्तकात नसलेला प्रश्न टाकते: खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, तर पाण्यात उभी असलेली भाताची रोपंही का सुकतात? ज्यांनी व्याख्या घोकलेली असते ते गप्प बसतात. ती विद्यार्थिनी वहीत मुळाची पेशी काढते, तिच्याभोवती पटलाची रेघ ओढते, बाहेर ‘मीठ जास्त, म्हणून पाण्याचं प्रमाण कमी’ असं लिहिते आणि बाणाचं टोक बाहेरच्या बाजूला काढते.