शनिवारी रात्री सिस्टिम बंद, कुणी काय तयार ठेवायचं

येत्या शनिवारी रात्री 11:30 पासून रविवारी पहाटे 4:30 पर्यंत हॉस्पिटलची सिस्टिम पूर्ण बंद राहणार, डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवतोय. रविवारी ओपीडी नसते म्हणून ही रात्र घेतली, पण कॅज्युअल्टी आणि आयसीयूला कुठली सुट्टी, तेव्हा नाइटवाल्यांनी हे नीट वाचा. रजिस्ट्रेशन, रिपोर्ट, फार्मसी, बिलिंग काहीच उघडणार नाही, लॅबची मशिनं आणि फोन मात्र चालू राहतील.

इन्चार्ज सिस्टरांनी 10:30 लाच आपल्या वॉर्डची पेशंट लिस्ट, औषधांचे चार्ट आणि शेवटचे रिपोर्ट प्रिंट करून फाइलला लावायचे. शेवटच्या क्षणी सगळेच प्रिंट सोडतात आणि रांग लागते. अ‍ॅलर्जीची सूचना स्क्रीनवर येणार नाही, म्हणून कुणाला पेनिसिलिन चालत नसेल तर चार्टवर वरच लाल पेनने लिहा.

खरी अडचण नव्या पेशंटची. त्यासाठी कॅज्युअल्टीत टी-01 ते टी-30 अशा तात्पुरत्या नंबरांचे छापील स्टिकर ठेवलेत, प्रत्येक नंबरचे 10. समजा 1:30 ला अपघाताचा पेशंट आला आणि त्याला टी-07 मिळाला, तर मनगटाचा पट्टा, केस पेपर, एक्सरेची चिठ्ठी आणि रक्ताची ट्यूब सगळीकडे टी-07 च, आणि ट्यूबला स्टिकर पेशंटच्या बेडपाशीच लावायचा, ट्रेमध्ये नेऊन नाही. मागच्या वेळी दोन ट्यूब बिनस्टिकरच्या लॅबला गेल्या, कुणाची कुठली कळेना, एका आजींना पुन्हा टोचावं लागलं, मला अजून वाईट वाटतं. रिपोर्ट लॅब मशिनवरूनच प्रिंट काढून मामांबरोबर पाठवेल. पोटॅशियमसारखा धोक्याचा आकडा फोनवर सांगितला तर ऐकणाऱ्याने लिहून घेऊन परत वाचून दाखवायचा, खाली वेळ आणि सांगणाऱ्याचं नाव. फार्मसीला इंडेंट कागदावर, अ‍ॅडव्हान्सची पावती छापील पुस्तकातून.

सिस्टिम आली की कागदावरची नोंद आत घेताना आधी रजिस्ट्रेशन. टी-07 चे नातेवाईक आले असतील तर नाव आणि मोबाइल टाकून जुना नंबर आहे का बघा, असेल तर त्यालाच जोडा, नवा काढलात तर जुने रिपोर्ट एकीकडे आणि आजचे दुसरीकडे राहतात. मग तपासण्या, औषधं, शेवटी बिल. औषधाची वेळ दिली तीच टाकायची, टाइप केली ती नाही, कारण दर 8 तासांचं इंजेक्शन 2:10 ला दिलं आणि नोंद 5 ची पडली तर पुढचा डोस सकाळी 10:10 ऐवजी दुपारी 1 ला दिसेल. नोंद झालेल्या कागदावर सही करून तो फाइलमध्येच ठेवा, फाडू नका.

4 वाजता आम्ही प्रत्येक वॉर्डला फोन करून सांगू वेळेत होतंय की नाही, आणि उशीर झाला तर आमचा पुढचा फोन येईपर्यंत कागदावरच चालू ठेवा, मधेच कुणी लॉगिन करून बघू नका.