‘म्हणे’ गाळण्यापूर्वी

मराठी मुलाखतींचे ट्रान्सक्रिप्शन करायला येणाऱ्यांना युनिकोडमध्ये टंकलेखन येते, कानावर नीट बसणारा हेडफोन त्यांच्याकडे असतो आणि ध्वनिफीत मागेपुढे करण्यासाठी कळफलकावरची कोणती कळ वापरायची हेही ते दोन दिवसांत शिकतात. त्यामुळे त्याविषयी मी लिहीत नाही. ज्या एका चुकीमुळे मला हे काम सोडून द्यावेसे वाटले होते, तिच्याविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण ती चूक करणाऱ्याला आपण काम चांगले करत आहोत असेच वाटत असते.

एका संशोधक बाईंनी पुराच्या आठवणींवरच्या बारा मुलाखती माझ्याकडे दिल्या होत्या. त्यांना ‘स्वच्छ’ मजकूर हवा होता, म्हणजे अडखळणे, पुनरुक्ती आणि भरतीचे शब्द काढलेला. मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो, त्यांनी मला अशा भरतीच्या शब्दांची एक यादीच दिली होती : म्हणजे, म्हणे, ना, आपलं, काय ते, असं. हे शब्द दिसले की काढायचे, असा त्यांचा नियम होता आणि मी तो निष्ठेने पाळत होतो. एका आजींचे मूळ वाक्य असे होते :

“रात्री बाराला म्हने धरनाचं दार उघडलं, आन् आमाला कुनी सांगितलंच न्हाई, म्हंजे सरपंचानं सांगितलं पन ते पानी आल्यावर.”

मी लिहिले : “रात्री बारा वाजता धरणाचे दार उघडले आणि आम्हाला कोणी सांगितलेच नाही. सरपंचांनी पाणी आल्यावर सांगितले.”

व्याकरणात काही चुकले नव्हते. काही दिवसांनी बाईंचा फोन आला. त्यांनी विचारले, “या आजी त्या रात्री धरणावर होत्या का?” त्यांच्या पहिल्या मसुद्यात बारा वाजण्याची वेळ प्रत्यक्षदर्शीच्या तोंडची म्हणून गेली होती, आणि इतर दोघांनी दोनची वेळ सांगितल्यामुळे त्या गोंधळल्या होत्या. मी फीत पुन्हा ऐकली आणि मला तो ‘म्हने’ स्पष्ट ऐकू आला. आजींनी बाराची वेळ पाहिली नव्हती, ती त्यांच्या कानावर आली होती, आणि हे त्यांनी एका शब्दात सांगितले होते. तो शब्द मीच खोडला होता.

मराठीतला हा ‘म्हणे’ भरतीचा शब्द नाही. बोलणाऱ्याने गोष्ट स्वतः पाहिली की ऐकली, हे तो सांगतो. तो बहुधा वाक्याच्या पहिल्या एकदोन शब्दांनंतर किंवा अगदी शेवटी येतो, त्यावर जोर नसतो आणि बोलीत तो ‘म्हने’, ‘मने’ असा अर्धवट गिळलेला ऐकू येतो, म्हणून कानाला तो बिनकामाचा वाटतो. त्याचा दुसरा उपयोग तर आणखी धोक्याचा आहे. “ते म्हणे लोकांसाठी काम करतात” या वाक्यात बोलणारा अविश्वास दाखवत असू शकतो. तिथला ‘म्हणे’ काढला तर आरोपाचे प्रशस्तिपत्रक होते, आणि पत्रकाराच्या हातात ते तसेच अवतरणचिन्हांत छापले जाऊ शकते. याउलट “तो मला म्हणे, उद्या ये” यातला ‘म्हणे’ साधे क्रियापद आहे. ते ‘म्हणाला’ असे करायला हरकत नाही, गाळता मात्र येत नाही.

आजींच्या वाक्यात मी दुसरीही चूक केली होती. ‘म्हंजे’ काढून मी दोन वेगळी विधाने शेजारी ठेवली, त्यामुळे वाचणाऱ्याला ती परस्परविरोधी वाटली. प्रत्यक्षात त्या शब्दाने आजी स्वतःलाच दुरुस्त करत होत्या. यासाठी मी आता एक साधी कसोटी वापरतो. ‘म्हणजे’ नंतर संख्या, नाव किंवा क्रियापद बदलले असेल, तर तो शब्द राहतो. “तीस, म्हणजे पस्तीस जण होते” यातला काढायचा नाही. बोलणारा नुसता पुढचा शब्द शोधत असेल, “मी म्हणजे, म्हणजे, काय सांगू” असे, तर खुशाल काढावा. ‘ना’ बाबतही तसेच आहे : “तो आला ना” यातला ‘ना’ स्वच्छ मजकुरात गेला तरी बहुधा चालते, पण “पाणी ओसरेना” यातला ‘ना’ नकार आहे, आणि घाईत ऐकले तर दोन्ही सारखेच कानावर पडतात.

म्हणून ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा मराठी ट्रान्सक्रिप्टवर मुळीच वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. काही जण ‘सांगितलं’चे ‘सांगितले’ करण्यासाठीही ती एका झटक्यात चालवतात. “त्यांनी सगळं परत दिलं” याचे “सगळे परत दिले” झाले, की आधीचे वाक्य पैशांविषयी असल्यास वाचणारा ‘सगळे पैसे’ असे समजतो, आणि बोलणाऱ्याच्या मनात कदाचित जमिनीचे कागद, दागिने, भांडी असे सगळेच असते. कामाच्या आधी विचारून घ्यावे : उत्तरे बोलीत ठेवायची, अनुस्वारासह बोलभाषेत ठेवायची, की ग्रंथभाषेत न्यायची? माझा स्वतःचा कल बोलणाऱ्याची क्रियापदे न बदलण्याकडे आहे. वऱ्हाडीतले “मी करून राहिलो” म्हणजे ‘मी करत आहे’. प्रमाण मराठीच्या कानाने ते वाचले, तर क्रियेचा काळच बदलतो. “तो म्हणाला का मी येत नाही” यातला ‘का’ काही बोलींत ‘की’ असतो. तिथे प्रश्नचिन्ह टाकले, तर बोलणाऱ्याने कधी न विचारलेला प्रश्न तयार होतो.

त्या वेळी मला सर्वांत महाग पडली ती वेगळीच गोष्ट. मी कच्च्या मसुद्यावरच सफाई केली होती आणि कच्चा मसुदा ठेवला नव्हता. उरलेल्या अकरा मुलाखतींत कुठे कुठे ‘म्हणे’ गेला, हे कळायला सगळ्या फिती पहिल्यापासून ऐकण्यावाचून मार्ग नव्हता. आता मी दोन फाइली ठेवतो. पहिलीत ऐकू आले तसे सगळे, अडखळण्यासकट, आणि दर मिनिटाला वेळेची खूण. तिची प्रत काढून दुसरीत सफाई. शेवटी फीत नेहमीच्या वेगाने, न थांबवता, दुसरी फाइल वाचत ऐकतो. या फेरीत हात कळफलकावर नसतो, फक्त खटकलेल्या जागेची वेळ कागदावर लिहितो. जिथे तीनदा ऐकूनही कळत नाही तिथे अंदाज न लिहिता [अस्पष्ट, ००:१४:३२] असे लिहितो. अशा खुणा फार झाल्या तर आपली लायकी कळेल, अशी भीती सुरुवातीला वाटते. मलाही वाटायची. पण मजकूर घेणाऱ्याला ती खूण उपयोगी पडते, कारण तो मुलाखतीत हजर होता आणि ती जागा त्याला बहुधा ओळखता येते.

स्पष्ट आवाजाची एक तासाची मुलाखत या पद्धतीने मला चार ते पाच तास घेते, सुरुवातीला आठ लागत. चारपाच जण एकाच वेळी बोलणारी बैठक असेल तर आजही तेवढेच लागतात. ज्यांना हे संथ वाटते, ते फीत दीडपट वेगाने ऐकतात. तसे करून पाहा, आणि मग तीच पाच मिनिटे साध्या वेगाने ऐकून आपल्या मजकुराशी ताडून पाहा. गळालेल्या शब्दांत न जोर दिलेले, छोटे, ‘म्हणे’सारखेच शब्द अधिक सापडतील.

बाईंच्या त्या अकरा फिती मी पुन्हा ऐकल्या, त्याचे पैसे मागितले नाहीत, आणि नऊ ठिकाणचे ‘म्हणे’ परत बसवून वेळेच्या खुणांसह पाठवले. त्यांतले सहा ठिकाणचे त्यांच्या मसुद्यात पाहिलेली गोष्ट म्हणून आले होते.