किराणा मालाच्या वर्णनात 'सेंद्रिय' आणि 'नैसर्गिक' हे शब्द कसे वापरावेत

ऑनलाइन बाजारपेठेत किराणा माल विक्रीला ठेवताना प्रथम वर्णनातून 'शुद्ध', 'केमिकल-मुक्त', 'शंभर टक्के नैसर्गिक' हे शब्द काढून टाका. प्रत्येक अन्नपदार्थ रसायनांचाच बनलेला असल्यामुळे 'केमिकल-मुक्त' हा दावा कोणत्याही कागदाने सिद्ध होत नाही.

'नैसर्गिक' या शब्दाऐवजी जे पडताळता येते तेच लिहा. उदाहरणार्थ, 'कृत्रिम रंग किंवा परिरक्षक घातलेले नाहीत' हे वाक्य घटकांची यादी आणि पुरवठादाराचे लेखी निवेदन यांच्या आधारे टिकते.

खरी अडचण 'सेंद्रिय' या शब्दाची आहे आणि मीही बराच काळ तिथेच अडकत असे. प्रयोगशाळेचा अहवाल जोडा, म्हणजे काम होईल, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. कीटकनाशकाचे अंश आढळले नाहीत, एवढेच तो अहवाल सांगतो, आणि तेही तपासलेल्या नमुन्यापुरतेच. सेंद्रियपण मात्र शेतापासून पॅकिंगपर्यंतच्या पद्धतीवर ठरते, म्हणून 'सेंद्रिय' शब्दाच्या परवानगीसाठी अर्ज केल्यावर बाजारपेठ मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र मागते.

ते प्रमाणपत्र पुढे करण्यापूर्वी त्यावरील नाव वाचा. शेतकऱ्याचे प्रमाणपत्र त्याच्या शेतमालापुरते असते. तुम्ही तो माल सुटा घेऊन स्वतःच्या पाकिटात भरत असाल, तर पॅकिंग करणाऱ्याचेही प्रमाणीकरण सहसा लागते, आणि अर्ज इथे परत येऊ शकतो. प्रमाणपत्राच्या जोडपत्रात तुमचे उत्पादन नावानिशी असावे, मुदत चालू असावी, आणि पाकिटावरील प्रमाणन संस्थेचे नाव प्रमाणपत्राशी जुळावे. खरेदी केलेली खेप प्रमाणितच होती हे दाखवणारा व्यवहार-दाखला आणि बीजकही जवळ ठेवा, कारण एकट्या प्रमाणपत्रावरून विशिष्ट खेपेबद्दल काहीच कळत नाही.

आता एक मिश्रण घेऊ: ८० टक्के सेंद्रिय ओट्स, ११ टक्के सेंद्रिय मनुका आणि ९ टक्के साधे जवस. सेंद्रिय भाग ९१ टक्के झाला. अमेरिका आणि युरोपीय संघ या दोन्हींच्या नियमांत संपूर्ण पदार्थाला सेंद्रिय म्हणण्यासाठी पाणी आणि मीठ वगळून किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात. त्यामुळे 'सेंद्रिय ओट्स मिश्रण' हे शीर्षक चालणार नाही. शीर्षक 'ओट्स, मनुका आणि जवस मिश्रण' असे ठेवा आणि घटकांच्या यादीत 'सेंद्रिय ओट्स (८०%), सेंद्रिय मनुका (११%), जवस (९%)' असे लिहा. सेंद्रिय जवस मिळवून शीर्षक बदलायचे असेल, तर आधी प्रमाणपत्रात या मिश्रणाची नोंद करून घ्या.

शोधशब्द आणि छायाचित्रावरील मजकूर हेही दावेच मानले जातात. तिथेही हाच नियम पाळा. प्रमाणपत्राची मुदत संपण्यापूर्वी नवी प्रत चढवा, आणि ती वेळेत मिळाली नाही, तर ती येईपर्यंत सेंद्रियतेचा उल्लेख काढून ठेवा.