ओव्हरड्राफ्टचे व्याज पडताळण्यापूर्वीची तयारी : सोलापुरातील एका छोट्या फर्मचा सप्टेंबर महिना

बँकेने महिनाअखेरीस ओव्हरड्राफ्ट खात्यात टाकलेले व्याज स्वतः तपासायचे असेल, तर सर्वप्रथम त्या महिन्याचा पूर्ण खातेउतारा, म्हणजे पहिल्या तारखेच्या सुरुवातीच्या शिलकेपासून शेवटच्या तारखेच्या व्याजनोंदीपर्यंतचा उतारा, हाती असावा. फर्मच्या स्वतःच्या बँकबुकावरून ही आकडेमोड करू नये, कारण बँकबुकात चेक भरल्याच्या दिवशीच जमा लिहिला जातो आणि बँक मात्र पैसे प्रत्यक्ष वसूल झाल्यावर तो जमा धरते. उताऱ्यात व्यवहाराची तारीख आणि व्हॅल्यू डेट, म्हणजे बँक रक्कम ज्या तारखेपासून हिशेबात धरते ती तारीख, असे दोन रकाने असतील, तर हिशेबासाठी व्हॅल्यू डेट घ्यावी. बँकेने एखादी चुकलेली नोंद उलटवून ती मागील तारखेपासून लागू केलेली असली, तर ती गोष्ट फक्त याच रकान्यात दिसते.

दुसरा कागद मंजुरीपत्र. त्यातून खात्याची मर्यादा, व्याजदर, दर बदलण्याची अट आणि मर्यादेबाहेर गेल्यास लागणारा आकार एवढ्या चारच गोष्टी उतरवून घ्याव्यात. सोलापुरातील अनेक छोट्या फर्मची खाती नागरी सहकारी बँकांत आहेत आणि तेथील दर बँक स्वतः ठरवते. व्यापारी बँकांतील सूक्ष्म व लघु उद्योगांची १ ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची कर्जे मात्र रेपोसारख्या बाह्य निर्देशांकाशी जोडलेली असतात. म्हणून मंजुरीच्या वेळचा दरच आजही चालू आहे, असे गृहीत धरू नये. त्या महिन्यात प्रत्यक्ष लागू असलेला दर शाखेकडून लेखी घ्यावा.

आता उदाहरणासाठी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेल विणणारी एक काल्पनिक फर्म घेऊ. तिची मर्यादा १० लाख रुपये आणि दर वार्षिक १०.९५ टक्के आहे. हा दर मुद्दाम निवडला आहे, कारण १०.९५ ला ३६,५०० ने भागले की बरोबर ०.०००३ येते; म्हणजे दहा हजार रुपये उचल एक दिवस राहिली की तीन रुपये व्याज, आणि कागदावर गणित तोंडी करता येते. सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला खात्यावर ६,४०,००० रुपयांची उचल होती. ४ तारखेला कामगारांचा पगार आणि सुताच्या व्यापाऱ्याचे पैसे मिळून १,८५,००० गेले आणि उचल ८,२५,००० झाली. १२ तारखेला, शुक्रवारी, हैदराबादच्या एका व्यापाऱ्याचा ३ लाखांचा चेक बँकेत भरला. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, त्यानंतर रविवार, त्यामुळे ती रक्कम सोमवारी १५ तारखेला जमा झाली आणि उचल ५,२५,००० वर आली. १८ तारखेला ५,६०,००० ची मोठी वसुली आली आणि खाते ३५,००० रुपयांनी जमेच्या बाजूला गेले. २० तारखेला सुताचे ४,१७,००० दिले आणि उचल ३,८२,००० झाली. पुढे महिनाअखेरपर्यंत व्यवहार नाही.

प्रॉडक्ट पद्धतीत प्रत्येक शिल्लक जितके दिवस टिकली तितक्या दिवसांनी तिला गुणायचे असते, आणि त्या गुणाकाराला प्रॉडक्ट म्हणतात. यासाठी आधी दिवसाअखेरच्या शिलका वेगळ्या काढाव्यात. ४ तारखेला उताऱ्यात पगाराची एक, सुताची एक अशा दोन ओळी असल्या आणि प्रत्येकीपुढे शिल्लक छापलेली असली, तरी हिशेबात दिवसाची शेवटचीच शिल्लक घ्यायची. सकाळी उचल वाढून संध्याकाळी तेवढीच रक्कम परत आली, तर त्या दिवसाच्या व्याजावर काहीही परिणाम होत नाही. शनिवार, रविवार व सणाच्या सुट्ट्या मात्र गाळायच्या नाहीत. शाखा बंद असली तरी उचल चालूच असते.

दिवस मोजताना शिल्लक ज्या तारखेला झाली तो दिवस धरावा आणि ती बदलली तो दिवस पुढच्या ओळीत द्यावा. त्यानुसार ६,४०,००० ही शिल्लक १ ते ३ अशी ३ दिवस, ८,२५,००० ही ४ ते १४ अशी ११ दिवस, ५,२५,००० ही १५ ते १७ अशी ३ दिवस, जमा शिल्लक १८ आणि १९ असे २ दिवस आणि ३,८२,००० ही २० ते ३० अशी ११ दिवस राहिली. गुणाकाराला हात घालण्यापूर्वी या दिवसांची बेरीज करून पाहावी. ती ३० आली, म्हणजे महिना पूर्ण धरला गेला. बेरीज २९ आली, तर बहुतेक वेळा शेवटच्या ओळीतला महिन्याचा शेवटचा दिवस राहून गेलेला असतो, आणि आपल्या उदाहरणात तेवढ्यानेच व्याज ११४.६० रुपयांनी कमी दिसेल.

यानंतर प्रॉडक्ट काढावेत. ओळीने ते १९,२०,०००, ९०,७५,०००, १५,७५,०००, शून्य आणि ४२,०२,००० येतात. चौथ्या ओळीतील शून्याकडे नीट लक्ष द्यावे. खाते जमेत असताना बँक ओव्हरड्राफ्ट खात्यावर व्याज देत नाही, म्हणून त्या दोन दिवसांचा प्रॉडक्ट शून्य असतो. ७०,००० वजा करायचे नसतात. एकूण प्रॉडक्ट १,६७,७२,००० झाला. त्याला १०.९५ ने गुणून ३६,५०० ने भागले की ५,०३१.६० येतात आणि बँक रुपयात पूर्णांक करून ५,०३२ खात्यात टाकते.

हेच संगणकावर करायचे असेल, तर पहिल्या ओळीत मथळे द्यावेत, A रकान्यात शिल्लक बदलल्याच्या तारखा व B रकान्यात उचल अधिक चिन्हाने लिहावी. जमा शिल्लक वजा चिन्हाने लिहावी. काही बँकांच्या डाउनलोड केलेल्या उताऱ्यात उलट असते, तेथे उचलच वजा चिन्हाने येते. तेव्हा चिन्हे आधी फिरवून घ्यावीत, नाहीतर पुढचे सूत्र उचलीच्या सगळ्याच ओळींचा प्रॉडक्ट शून्य दाखवील आणि फक्त जमा शिलकेवर प्रॉडक्ट काढील. शेवटच्या शिलकेखाली A7 मध्ये १ ऑक्टोबर ही तारीख अवश्य टाकावी. तेथे ३० सप्टेंबर टाकली की वर सांगितलेला एक दिवस हरवतो.

```
C2: =A3-A2
D2: =MAX(0,B2)*C2
D8: =ROUND(SUM(D2:D6)*10.95/36500,0)
```

पहिली दोन सूत्रे सहाव्या ओळीपर्यंत खाली ओढावीत. ३० तारखेची शिल्लक घेताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. उताऱ्यात त्या दिवसाची शेवटची शिल्लक ३,८७,०३२ दिसेल, कारण व्याजाची नोंद त्याच तारखेला पडलेली असते. हिशेबात व्याज टाकण्यापूर्वीचे ३,८२,००० घ्यायचे. ३,८७,०३२ ही ऑक्टोबरची सुरुवातीची शिल्लक होय. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ एप्रिल २००२ पासून शेतीव्यतिरिक्तच्या कर्जांवर व्याजाची आकारणी मासिक असल्याने, न भरलेल्या व्याजावरही पुढच्या महिन्यापासून व्याज चढते.

महिन्याच्या मधे दर बदलला असेल, तर दोन दरांची सरासरी काढू नये. बदल १० तारखेपासून असेल, तर ४ ते १४ ही ओळ ४ ते ९ आणि १० ते १४ अशी तोडावी, दोन्ही भागांच्या प्रॉडक्टची बेरीज वेगळी ठेवावी आणि प्रत्येकीला तिचा दर लावावा. उचल महिन्याच्या एका भागात जास्त आणि दुसऱ्या भागात कमी असते, म्हणून सरासरी दराने आलेला आकडा जुळला तरी तो योगायोग समजावा.

मर्यादेचेही तसेच. मंजूर मर्यादा १० लाखांची असली, तरी त्या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून बँकेने धरलेली उचलक्षमता, म्हणजे ड्रॉइंग पॉवर, समजा ८ लाखच असेल, तर ४ ते १४ तारखांना २५,००० रुपये जादा उचल झाली. त्याचा प्रॉडक्ट २,७५,००० होतो आणि मंजुरीपत्रात वार्षिक २ टक्के आकार लिहिला असेल, तर तो १५.०७ रुपये होईल. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार असा दंड व्याजदरात मिसळता येत नाही व त्यावर पुढे व्याजही लावता येत नाही. तो दंडात्मक आकार म्हणून वेगळा दिसला पाहिजे. म्हणून आपल्या तक्त्यातही तो व्याजाच्या बेरजेत घालू नये.

एवढी तयारी झाल्यावर उताऱ्यातील व्याज आणि आपला आकडा शेजारी शेजारी ठेवावेत. फरक पडला की सगळे गणित पुन्हा करत बसण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यापेक्षा फरकालाच उलटे विचारावे. समजा फर्मच्या मुनीमजींनी बँकबुकावरून आधीच हिशेब केला होता आणि त्यांचे व्याज ४,७४१ आले. बँकेचे ५,०३२, म्हणजे फरक २९१ रुपये. या २९१ ला ३६,५०० ने गुणून १०.९५ ने भागले, की ९,७०,००० हा प्रॉडक्टमधील फरक हाती येतो. आता हा आकडा कोणत्या रकमेचा आणि कोणत्या दिवसांचा गुणाकार असू शकेल, ते उताऱ्यात शोधायचे. ३ लाख गुणिले ३ दिवस म्हणजे ९,००,०००. हा हैदराबादचा चेक, जो बँकबुकात १२ तारखेला आणि बँकेत १५ तारखेला जमा आहे. उरलेले ७०,००० म्हणजे ३५,००० गुणिले २ दिवस. ही जमा शिल्लक, जी मुनीमजींनी वजा धरली. दोन्ही कारणे सापडली आणि बँकेचा आकडा बरोबर ठरला. पूर्णांक केल्यामुळे एक-दोन रुपयांचा फरक या रीतीने शोधण्यात अर्थ नाही, कारण या दराने एक रुपयासुद्धा सुमारे ३,३३३ च्या प्रॉडक्टइतका होतो.

कारणे सापडली की ३० सप्टेंबरच्या तारखेने व्याज खात्याला ५,०३२ नावे आणि बँक ओव्हरड्राफ्ट खात्याला जमा अशी नोंद करावी, आणि चेकच्या त्या तीन दिवसांसाठी बँकबुकातील तारीख बदलू नये. तो फरक बँक जुळवणी पत्रकाचा भाग आहे. फरक कोणत्याही शिलकेशी जुळत नसेल आणि सर्व ओळींवर सारख्याच प्रमाणात पसरलेला वाटत असेल, तर संशय दरावर घ्यावा : बँकेच्या व्याजाला ३६,५०० ने गुणून एकूण प्रॉडक्टने भागावे, म्हणजे बँकेने प्रत्यक्ष लावलेला दर निघतो. तो मंजूर दरापेक्षा वेगळा दिसला, तर तक्ता, उतारा व दराचे पत्र जोडून शाखेला लेखी विचारणा करावी आणि पत्रावर पोच घ्यावी. लीप वर्षातील महिन्यासाठी बँक ३६५ दिवस धरते की ३६६, हेही त्याच पत्रात विचारून ठेवावे, कारण ३६६ धरत असल्यास भाजक ३६,६०० घ्यावा लागतो.