गाडीत पोरं जास्त, फोन एकच? नंबरप्लेटवर लावा

कोल्हापूरहून पुण्याला निघालं की किणी टोलनाक्याच्या आधीच मागं फोनवरनं मारामारी सुरू होते, त्यावर नंबरप्लेटचा खेळ बेस्ट. एमएच ०९ ला शून्य, कारण त्या पावलोपावली दिसणार. सांगलीची १०, साताऱ्याची ११, कराडची ५०, पुण्याची १२ यांना एक पॉइंट, केए म्हणजे कर्नाटकला दोन आणि बाकी कुठलंही राज्य दिसलं की पाच. एक कोड एकदाच मोजायचा, नाहीतर पुणे जवळ आलं की १२-१२ ओरडून डोकं उठवतात.

भांडण होतं ते "आधी मी बघितली" यावरनं, म्हणून ओरडायचं नाहीच, पाळी लावायची, जी गाडी आपल्याला ओव्हरटेक करेल ती ज्याची पाळी त्याची. समोरच्या लेनमधल्या धरू नका, इतक्या जोरात जातात की नंबर दिसतच नाही आणि पोरं बिनधास्त थापा मारतात. वाचता न येणाऱ्या बारक्याला रंग द्या, पिवळी प्लेट टॅक्सी-ट्रकची, हिरवी इलेक्ट्रिकची, हिरवीला तीन पॉइंट. फोन मधल्या सीटवाल्याकडं, फ्लाइट मोडवर, नोट्समध्ये फक्त स्कोअर लिहायला, पण घाटात तोही काढून घ्या, खाली बघून मळमळतं. अंधार पडला की खेळ बंद, मग गावांच्या भेंड्या.