एक्सेलमध्ये मारिमेको: रुंदी ओळींतून काढा

मारिमेको चार्टमध्ये स्तंभाची उंची आणि रुंदी दोन्ही वाटा दाखवतात. एक्सेलमध्ये तो तयार मिळत नाही, पण स्टॅक्ड कॉलमने जमतो. समजा, कृषी निविष्ठांच्या एकूण विक्रीत हिंगणघाटचा वाटा ५० टक्के, आर्वीचा ३०, देवळीचा २०. मग हिंगणघाटची तीच ओळ (बियाणे ६०, खत २५, कीटकनाशक १५) एकूण ५० वेळा येईल अशी खाली ओढा. आर्वीची ३० वेळा, देवळीची २० वेळा, प्रत्येकीचे आकडे तिचे तिचे.

`100% Stacked Column` टाकून `Gap Width` `0%` करा. पट्ट्या चिकटून तीन रुंद ठोकळे दिसतात. उभ्या रेघांची जाळी दिसली तर `Border` मध्ये `No line` निवडा. तालुके वेगळे दिसायला मध्ये एक रिकामी ओळ पुरते. नावं मात्र सरळ टेक्स्ट बॉक्सनेच टाका, अक्षावरची लेबलं उगाच छळतात. वाटे अपूर्णांकात असतील तर बेरीज १०० राहील असे पूर्णांक करा.